गोळी तोंडात गेली. पोटात गेली का?

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याचा एक ठोकताळा असतो. महिन्याच्या गोळ्या महिन्यात संपल्या, माणूस नवी स्ट्रिप न्यायला वेळेवर आला, म्हणजे औषध नीट चाललंय. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी हा ठोकताळा साफ फसतो. गोळी स्ट्रिपमधून निघते, तळहातावर येते, तोंडातही जाते, वर घोटभर पाणी प्यायलं जातं. पण ती गालाच्या कोपऱ्यात राहते नाहीतर कवळीखाली सरकते, आणि घरातल्यांची पाठ वळली की खिशात, उशीखाली, कुंडीत जाते. स्ट्रिप रिकामी आणि पोटही रिकामं.

आमच्या कराडातल्या एका आप्पांचं असंच चाललं होतं. एसटीत कंडक्टर होते, आता ऐंशीच्या उंबरठ्यावर. अल्झायमर, त्यात मध्यंतरी अर्धांगाचा हलका झटका आणि त्यानंतर आलेली फिट. धाकटा मुलगा त्यांना सांभाळतो. मुलगी मुंबईला नर्स होती, आता निवृत्त. ती मे महिन्यात माहेरी आली आणि त्याच आठवड्यात आप्पा न्हाणीघरातून बाहेर येताना पडले. हाड मोडलं नाही, पण ब्लडप्रेशर 94/60 निघालं. बहीणभाऊ औषधांची पिशवी घेऊन दुपारी माझ्या दुकानात आले आणि आतल्या बाकावर बसून भांडले. ते भांडण इथे देतो. मधे मी तोंड घातलं आहेच, कारण दोघांचंही सगळं मला पटलं नाही.

भाऊ: मला एवढंच कळतं की गोळी पोटात गेली पाहिजे. कशी गेली ते विचारू नकोस. सकाळी सात वाजता मी त्यांच्यासमोर उभा असतो, ते तोंड मिटून बसतात. घेतली तर थुंकतात. शेवटी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि आमरसात कालवल्या. वाटी चाटूनपुसून खाल्ली. भांडण नाही, आरडाओरडा नाही.

ताई: आणि चौथ्या दिवशी पडले.

भाऊ: गोळ्यांमुळे पडले म्हणतेस? डॉक्टरांनी लिहून दिल्या त्याच दिल्या, तेवढ्याच.

ताई: तेवढ्याच दिल्यास, तिथेच तर घोटाळा झाला. फाइल उघड. डिसेंबरात बीपी 170/100, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन 5 ची 10 केली. फेब्रुवारीत तरी उतरेना, म्हणून टेल्मिसार्टन 40 वाढवली. का वाढवली? गोळी चालू असून बीपी हटत नाही असं डॉक्टरांना वाटलं. चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलं? तू. स्ट्रिप बघून.

भाऊ: मग काय रोज त्यांचं तोंड उघडून बघत बसू?

ताई: परवा मी तुळशीची माती उकरली. गुलाबी, पांढऱ्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. जुन्या शर्टाच्या खिशात आणखी. तिकिटाचे सुट्टे पैसे जपावेत तशा जपून ठेवल्यात त्यांनी. म्हणजे एवढे महिने औषध पोटात जातच नव्हतं, कागदावर मात्र वाढत होतं. तू आमरसातून एकदम पुरता डोस दिलास. वाढवलेला डोस त्या दिवशी पहिल्यांदा पोटात गेला.

इथे ताईंना माझे पैकीच्या पैकी गुण. गोळी गालात धरण्याचा हा धोका घरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. औषध चुकलं की आजार वाढतो, एवढं सगळ्यांना कळतं. पण न घेतलेलं औषध ‘लागू पडत नाही’ असं समजून वाढवलं जातं, आणि पुढे घरी नवा माणूस येतो, नाहीतर पेशंट दवाखान्यात दाखल होतो, आणि त्याच्या समोर उभं राहून सगळं गिळायला लावतात. मग बीपी कोसळतं, मधुमेहाची काही औषधं असतील तर साखर उतरते, झोपेच्या गोळीने माणूस दिवसभर गुंगीत राहतो. म्हणून डोस वाढवूनही गुण नाही असं दिसलं की आधी तोंड, कवळी, खिसे आणि अंथरूण तपासावं. गोळ्या सापडल्याच, तर दुसऱ्या दिवसापासून पूर्ण डोस रेटायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘हे औषध पोटात जात नव्हतं’ असं सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची ते विचारायचं.

सापडलेल्या गोळ्या उचलून टाकणंही त्यातच आलं. आप्पांना खिशातल्या चार गोळ्या एका दुपारी आठवल्या आणि त्यांनी त्या एकदम तोंडात टाकल्या, किंवा नातवाने गुलाबी गोळी चॉकलेट समजून चोखली, तर काय व्हायचं!

पिशवी मी काउंटरवर ओतली. नऊ औषधं निघाली: बीपीच्या दोन, फिटची लेव्हेटिरासिटाम 500 दोन वेळा, साखरेची मेटफॉर्मिन एसआर, अ‍ॅस्पिरिन, पॅन्टोप्रॅझोल, लघवीची टॅमसुलोसिन कॅप्सूल, स्मरणशक्तीची डोनेपेझिल आणि कॅल्शियम. भाऊंनी या सगळ्यांचं एकच चूर्ण केलं होतं.

यातल्या चार तर कुटायच्याच नव्हत्या. मेटफॉर्मिनच्या नावापुढे एसआर असतं, म्हणजे ती गोळी पोटात गेल्यावर कित्येक तास हळूहळू सुटावी अशी बांधलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एका झटक्यात सुटतं आणि पोट बिघडतं. एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड अशी अक्षरं असली तरी तेच. पॅन्टोप्रॅझोलवर आवरण असतं ते पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायला. आवरण फोडलं की आम्लात ते नासतं, म्हणजे दिलं काय नि न दिलं काय. आवरणाची अ‍ॅस्पिरिन कुटली तर जठराला झोंबते. टॅमसुलोसिनही बेताबेताने सुटणारी आहे, शिवाय ती स्वतःच बीपी उतरवते. आप्पांच्या पडण्यात तिचाही हात असणार. कुटू का, हा प्रश्न एकेक गोळी दाखवून दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावा. आम्हाला अर्धा मिनिट लागतो.

ताई: म्हणून म्हणते, लपवून देणं बंद. आधी ते नाही का म्हणतात ते बघ. नाही म्हणणारा माणूस काहीतरी सांगत असतो.

भाऊ: ताई, त्यांना आजचा वार सांगता येत नाही. ते काय कारण सांगणार?

ताई: तोंडाने नाही सांगणार. तू कवळी काढून कधी बघितलंस? काल मी बॅटरी घेऊन बघितलं. खालच्या कवळीच्या कडेला हिरडीवर जखम आहे, आतल्या गालावर पांढरा चट्टा. कवळी सैल झालीय. गोळी तिच्याखाली जाऊन बसते आणि टोचते. अ‍ॅस्पिरिन तिथेच विरघळते आणि कातडी भाजते. मग दुसऱ्या दिवशी तोंड मिटून बसले, तर नवल काय?

भाऊ गप्प झाले. माहिती नवी असली की भांडणात अशी पोकळी पडते. ताईंनी ती वाया घालवली नाही.

ताई: नकार सगळे सारखे नसतात रे. एक, नको म्हणून नको: कडू लागतं, विषाची शंका येते, कोणीतरी घाई करतंय याचा राग येतो. दुसरा, गोळी तोंडात आली पण तिचं काय करायचं हेच विसरलं. मग ती जिभेवर तशीच. आणि तिसरा, गिळायलाच जमत नाही. पहिल्याला गोडीने घ्यावं लागतं, दुसऱ्याला करून दाखवावं लागतं, तिसऱ्याला तर तू जबरदस्ती केलीस की गोळी छातीत.

भाऊ: आप्पा यातले कुठले, हे ओळखायचं कसं?

ताई: जेवताना बघ. भाताचा घास गालात तसाच राहतो का? पाण्याच्या घोटानंतर खोकतात का, आवाज ओलसर, घरघरता होतो का? वजन उतरतंय, परत परत छातीत कफ होतोय, असं आहे का? मग तो गिळण्याचा दोष. तिथे गोळ्यांचं नंतर, आधी डॉक्टर, आणि गिळणं तपासणारे स्पीच थेरपिस्ट. आप्पा भाकरी चावून खातात, पाण्याने ठसकत नाहीत. फक्त गोळीच अडते. म्हणजे जखम, चव आणि तुझी सात वाजताची घाई.

माझी भर एवढीच, की तोंड कोरडं पडलं असलं तरी गोळी जिभेला चिकटते. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आणि ॲमिट्रिप्टिलीन यांत पुढे. म्हणून गोळीआधी एक घोट पाणी द्यावं. हे इतकं साधं आहे की कोणी सांगत नाही.

भाऊ: बरं, कवळी दाखवतो. पण ती नीट होईपर्यंत? तू म्हणतेस गोडीने. माझ्याकडे गोडीला वेळ नाही, आठला कामावर निघायचं असतं. आणि फिटची गोळी चुकली तर? ती फिट मी बघितलीय, तू नाही.

ही गोष्ट ताई मनात धरत नव्हत्या. मुंबईच्या वॉर्डात नकार लिहून ठेवता येतो. पुढच्या पाळीची सिस्टर येते, डॉक्टर राउंडला असतात. घरात एकच माणूस, एकच सकाळ. भाऊंची चूक चूर्णात होती, काळजीत नव्हती, हे मी ताईंना सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

मग सगळ्या औषधांना एकच नियम लावायचा नाही, असं ठरवून आम्ही नऊच्या नऊ पुन्हा मांडली. प्रत्येकीला एक प्रश्न: ही चार दिवस चुकली तर काय होईल? कॅल्शियम चुकलं तर आठवड्यात काहीही होत नाही. फिटची चुकली तर दोन दिवसांतही फिट येऊ शकते. बीपीची काही औषधं, झोपेच्या काही गोळ्या, स्टेरॉइड आणि पार्किन्सनची औषधं अचानक बंद करण्यात धोका असतो. पण ज्या गोळ्या महिनोन्‌महिने पोटात जातच नव्हत्या त्यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांनीच करायचं. ही यादी, तुळशीत सापडलेल्या गोळ्या आणि 94/60 चा आकडा घेऊन दोघं संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले.

यादी नवाची पाच होऊन परत आली. टेल्मिसार्टन, कॅल्शियम, पॅन्टोप्रॅझोल आणि टॅमसुलोसिन थांबली. लघवीला त्रास झाला तर लगेच सांगायचं. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आली आणि आठवडाभर बीपी बसून आणि उभं राहून मोजायचं ठरलं. मेटफॉर्मिन एसआरच्या जागी साधी 500, जेवणाबरोबर, कुटून चालेल अशी. अ‍ॅस्पिरिन आवरणाशिवायची, पाण्यात विरघळणारी. डोनेपेझिल रात्रीची सकाळी आणली आणि जिभेवर विरघळणारी दिली. रात्री घेतल्याने काहींना विचित्र स्वप्नं पडतात, आप्पाही दचकून उठत होते. फिटच्या औषधाचं सिरप आलं: मिलीलिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे 500 साठी 5 मिली. या औषधाने काही जण चिडचिडे होतात, तिकडेही लक्ष ठेवायला सांगितलं. डोनेपेझिल सोसली नाही तर रिवास्टिग्मिनची कातडीवर चिकटवायची पट्टी असते. ती पाठीवर वर, हात पोचणार नाही अशा जागी लावतात, आणि नवी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे, नाहीतर दुप्पट औषध अंगात जाऊन उलट्या सुरू होतात. आप्पांना तिची गरज पडली नाही.

ही यादी आप्पांची आहे. ती बघून दुसऱ्या कोणी आपल्या आईच्या गोळ्या बंद करू नयेत.

दुसऱ्या दिवशी औषध द्यायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. वेळ साडेनऊची ठेवली होती, अंघोळ आणि चहा झाल्यावर, कारण आप्पा तेव्हा खुशीत असतात. भाऊंनी त्या दिवशी उशिरा जायची सोय केली होती. पुढे ते काम शेजारच्या वहिनींकडे द्यायचं ठरलं. फिटच्या औषधाचा दुसरा डोस रात्री जेवणानंतर, म्हणजे मधे सुमारे बारा तास.

ताई समोर खुर्ची ओढून बसल्या, उभ्या राहिल्या नाहीत. टीव्ही बंद. आप्पा ताठ बसलेले, हनुवटी किंचित खाली. डोकं मागे टाकून गोळी घशात सोडायची आपल्याकडे सवय आहे, तीच घातक. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. आधी एक घोट पाणी. मग गोळी तोंडात कोंबली नाही, त्यांच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी ती उलटसुलट करून नाण्यासारखी तपासली. ताईंनी स्वतःच्या तळहातावरची बडीशेप तोंडात टाकली, पाणी प्यायलं, आणि म्हणाल्या, “आप्पा, बीपीची गोळी. घ्या.” एवढंच. डोस, डॉक्टर, फिट, काही नाही. आप्पांनी घेतली. मग एक चमचा दही, कारण घट्ट पदार्थ मागचं ओढून नेतो. नंतर त्यांना कालच्या पावसाबद्दल विचारलं; बोलताना तोंड उघडतं आणि गालात काही असेल तर दिसतं. बोट घालून चाचपायचं नाही, दात आवळले गेले तर तुटायचं ते आपलंच बोट. गोळी गालात राहिलेली दिसली तर पुन्हा चमचाभर दही. नंतर अर्धा तास बसूनच राहायचं.

सिरपला मात्र आप्पांनी मान फिरवली. ताईंनी सिरिंज खाली ठेवली आणि उठून गेल्या. वीस मिनिटांनी परत येऊन पुन्हा विचारलं; मघाचा नकार आप्पा विसरले होते. सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या बाजूला, घशाकडे नव्हे, आणि थोडं थोडं.

भाऊ: आज घेतलं. उद्या दोनदाही नको म्हणाले तर? आता सांग, लपवू का नको?

ताई: मला ते पटतच नाही. आयुष्यभर लोकांचे पैसे चोख मोजणारा माणूस आहे. त्याच्या ताटात न सांगता काही घालायचं म्हणजे त्याला माणसातून उठवणं. आणि एकदा कळलं की जेवणही बंद करतील. आमरस आता नुसता दाखवला तरी तोंड फिरवतात, बघितलंस ना?

भाऊ: बघितलं. पण माणसातून उठवायला माणूस राहिला पाहिजे. फिट येऊन डोकं फुटलं तर सन्मान कुठे ठेवू?

या प्रश्नावर जे नियम केलेत ते दोघांच्या मधलेच आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या 2005 च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टखाली, औषध घ्यायचं की नाही हे ठरवण्याचं भान नसलेल्या माणसालाच असं लपवून औषध देता येतं. डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं, लिहून ठेवायचं, आणि पुन्हा तपासत राहायचं. ज्याला औषध कशाचं आणि न घेतल्यास काय होईल हे कळतं, त्याचा नकार म्हणजे नकार. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता माणसाकडे आहे असंच धरून चालतो. आप्पांना फिटचं औषध काय ते कळत नाही, हे ताईंनीही मान्य केलं. पण म्हणून कॅल्शियम लपवायचं समर्थन होत नाही, हे भाऊंनाही मान्य करावं लागलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं ते असं: फक्त फिटचं औषध, दोनदा उघडपणे विचारून नकार आला तरच, खाण्यातून द्यावं. वाटीत नाही; वाटी अर्धी राहिली तर किती डोस गेला हे कोणाला सांगता येणार? एका चमच्यात बसेल इतक्या श्रीखंडात तो डोस कालवायचा, लगेच द्यायचा, आधी आणि नंतर एकेक नुसता चमचा. रोजच्या वरणभातात कधीही नाही, कारण तो तुटला तर उपासमार. दिलं, घेतलं, थुंकलं ते वहीत लिहायचं. अर्धवट विरघळून थुंकलेला डोस पुन्हा द्यायचा नाही, पुढच्या वेळी दुप्पटही नाही. लागोपाठ दोन डोस हुकले तर फोन. फिट पाच मिनिटांहून लांबली तर नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे आणि अ‍ॅम्ब्युलन्स.

भाऊंनी वही घातली. पहिल्या पानावर वार, वेळ, औषध, आणि शेवटचा रकाना ‘कसं घेतलं’. ताई तो रकाना वाचून म्हणाल्या, “दिवाळीत महिनाभर मी आप्पांना मुंबईला नेते. श्रीखंडाशिवाय दाखवते देऊन.”

“ने,” भाऊ म्हणाले. “आणि वही पण घेऊन जा.”